४० अधिक २० म्हणजे ६० नाही, हे मला काल काउंटरवर कळलं

काल संध्याकाळी एका शर्टापायी माझं डोकं जे फिरलंय ते अजून ठिकाणावर नाही. दुकानाच्या काचेवर हाताएवढ्या आकड्यांत सूट ४०% + २०%, ४० सेलचे आणि २० कुपनचे. मधलं ते अधिकचं चिन्ह बघा नीट. पहिलीतल्या पोराला विचारा, अधिक म्हणजे काय? बेरीज! मग मी ६० टक्के धरले तर माझं काय चुकलं? निळ्या बारीक रेघांचा शर्ट, छापील किंमत १९९९ (हे ९९९ वाले वेगळेच, एक रुपया सोडून कोणावर उपकार करतात देव जाणे), म्हणजे साधारण ८०० रुपये. खिशात ८०० काढून ठेवले, २५ मिनिटं रांगेत उभा राहिलो, पुढच्या काकूंनी सात कुर्ते आणलेले आणि प्रत्येकाचा टॅग वेगळा.

माझा नंबर आला आणि पहिला प्रश्न, "सर, मोबाइल नंबर?" अरे शर्ट घेतोय की सिमकार्ड? दिला. कुपन दाखवलं. स्क्रीनवर ९६०.

म्हटलं, हे काय? तो पोरगा म्हणतो, "सर, आधी ४० टक्के, मग जे उरलं त्याच्यावर २०." म्हणजे १९९९ चे ४० टक्के गेले, उरले ११९९ रुपये ४० पैसे. आता कुपनचे २० टक्के १९९९ वर नाहीत, या ११९९ वर. म्हणजे सुटले फक्त २४०, आणि मी धरून बसलेलो ४००. एकशे साठ रुपये गेले ना राव त्या एका अधिकच्या चिन्हात! मी म्हटलं, मग बोर्डावर ५२ टक्के लिहा की सरळ, तेवढेच होतात. तर म्हणे, "सिस्टमच घेतं सर." हे सिस्टम म्हणजे कोण आहे, मला एकदा भेटायचंय त्याला.

मीही इरेला पेटलो. म्हटलं, बरं, आधी कुपनचे २० लाव आणि मग सेलचे ४०. त्याने मान हलवली, मी मोबाइलवर स्वतःच केलं. १९९९ चे ८० टक्के, त्याचे ६० टक्के... परत ९५९ रुपये ५२ पैसे. उलटं करा, सुलटं करा, तेच. मागची रांग आता माझ्याकडे बघायला लागलेली. एकजण म्हणाला, "काका, घ्या किंवा सोडा." काका! माझं वय चाळीस आहे.

हां, पण कुपन टक्क्यांचं नसून ठरावीक रुपयांचं असलं की आधी-नंतरनं फरक पडतो, आणि तिथे तर मला दिवाळीत दुसऱ्याच एका दुकानाने गंडवलंय. १५०० चा शर्ट, ४० टक्के सूट, वर माझं २०० चं कुपन. सूट आधी काढली असती तर ९००, त्यातून २०० गेले की ७००. त्या महाभागांनी कुपन आधी वजा केलं, १३००, आणि मग त्याचे ४० टक्के काढले. बिल ७८०. म्हणजे ८० रुपये जास्त, म्हणजे बरोबर २०० चे ४० टक्के. माझ्या कुपनलाच सेल लावला हो त्यांनी! तेव्हा मी गप्प बसलो कारण बरोबर सासरेबुवा होते. आणि ऑनलाइनचं तर बोलूच नका, ३० टक्के कुपन म्हणून नाचवतात आणि खाली मुंगीच्या अक्षरात जास्तीत जास्त १०० रुपये.

तर काल शेवटी ९६० दिले, पिशवीचे १० वेगळे, आणि तणतणत घरी आलो. धाकटा आठवीत आहे, गणिताचं पुस्तक उघडून बसलेला, त्याला सगळं रामायण सांगितलं. त्याने मान वर न करता सांगितलं, "बाबा, शंभराचे साठ उरले, साठाचे अठ्ठेचाळीस उरले, म्हणजे सूट बावन्न. आमच्या सूट आणि कमिशनच्या धड्यात आहे." मग वर म्हणतो, "बेरीजच करायची असती तर ५०+५० वाल्या बोर्डावर शर्ट फुकट मिळाला असता ना? तिथेपण पंचवीस टक्के द्यावेच लागतात."

इथे सांगायला हवं की मी एका पतपेढीत हिशेब बघतो. सतरा वर्षं. व्याजावर व्याज कसं चढतं हे रोज लोकांना समजावून सांगतो, आणि सूट उरलेल्यावर कापली की कुरकुरतो. बायको हे ऐकून एक अक्षर बोलली नाही, फक्त कपाट उघडून दाखवलं. निळ्या बारीक रेघांचे तीन शर्ट आधीच लटकत होते.

रात्री धाकटा विचारतो, "बाबा, उद्या वर्गात उदाहरण म्हणून सांगू का?" म्हटलं सांग, पण एका गृहस्थांनी शर्ट घेतला एवढंच म्हण.