मूठ, टॉवर आणि ‘भोंदूगिरी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

मुठीने टॉवरचं अंतर आणि उंची कशी काढायची, यावर मी एक पोस्ट लिहिली होती. तिच्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

“प्रत्येकाची मूठ वेगळी, हात वेगळा, मग मुठीने टॉवरचं अंतर आणि उंची कशी निघणार? ही भोंदूगिरी लोकांना शिकवू नका. पन्नास पावलं पुढे जाऊन तर काहीच फरक दिसत नाही. लेझर मीटर घ्या की सरळ. आणि डोंगरावरच्या टॉवरचं काय?”

भोंदूगिरी हा शब्द तुम्ही फार सहज वापरलात. भोंदू माणूस रीत लपवतो; मी ती पायरीपायरीने लिहिली होती. असो. पन्नास पावलांचं मात्र तुमचं बरोबर आहे, तो आकडा मी अंदाजपंचे टाकला होता. पोस्टमधून काढलाय.

आता ‘प्रत्येकाची मूठ वेगळी’. साहेब, अंतर काढताना मूठ केवढी आहे याने काही बिघडत नाही. हात समोर ताठ धरून टॉवर एका मुठीआड मावेल अशा जागी उभे राहा. मग थेट टॉवरच्या दिशेने चालत जा, तोच टॉवर दोन मुठींएवढा दिसेपर्यंत. दिसणारी उंची दुप्पट झाली म्हणजे अंतर निम्मं झालं. म्हणजे जेवढं चाललात, जवळजवळ तेवढंच उरलं. यात मुठीची रुंदी कुठे आली? पहिलवानाची असो की पोराची, दोन्ही वेळा तीच मूठ असली की झालं. एकावर एक ठेवलेल्या दोन मुठी सरळ रेषेत न राहता डोळ्याभोवती किंचित वर्तुळाकार वळतात, त्यामुळे उत्तर तीन-चार टक्के जास्त येतं. तेवढं मी सोडून देतो.

मूठ लागते ती उंचीसाठी, आणि तिथेही स्वतःची मूठ एकदा मापून घेता येते. भिंतीवर डोळ्यांच्या पातळीच्या आसपास उभी 1 मीटरची खूण करा. अंगठा वर येईल अशी मूठ धरा, पण अंगठा मापात धरू नका. चार बोटांची रुंदीच मोजायची. कोपर ताठ, एक डोळा बंद. मुठीआड ती खूण बरोब्बर लपेपर्यंत मागे सरका आणि डोळ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. समजा 7 मीटर आलं, तर तुमची मूठ म्हणजे अंतराचा सातवा भाग. कुणाचा साडेसहावा येईल. तो ज्याचा त्याने वहीत लिहून ठेवायचा.

उदाहरण घ्या. मोकळ्या माळावरचा मोबाइल टॉवर. 30 मीटरच्या टेपवर तुमची 40 पावलं पडली, म्हणजे पाऊल 75 सेंटिमीटरचं. एका मुठीपासून दोन मुठींपर्यंत 187 पावलं झाली, म्हणजे 140 मीटर. टॉवर अजून सुमारे 140 मीटरवर आहे. दोन मुठी म्हणजे अंतराचे दोन सप्तमांश, उंची 40 मीटर. जमिनीवरच्या टॉवरला शोभेल असं उत्तर आहे.

चुकतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि तुम्ही त्याचं नावही काढलं नाहीत. कोपर जरा वाकलं, डोळ्यापासून 60 सेंटिमीटरवरची मूठ 54 वर आली, की ती दहा-अकरा टक्के मोठी दिसते. पहिल्या जागी कोपर वाकलेलं आणि दुसऱ्या जागी ताठ असेल, तर अंतर जवळजवळ वीस टक्क्यांनी चुकतं. इलाज साधा आहे: दोरीचं एक टोक मुठीत, दुसरं टोक दातात, मधली दोरी ताणलेली.

दुसरी चूक पायथ्याची. लांबून टॉवरचा तळ झुडपांआड असतो, जवळ गेल्यावर उघडा पडतो. म्हणजे दोन वेळा दोन वेगळ्या उंच्या मोजल्या जातात. म्हणून तळ सोडा, टॉवरवरच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांपैकी खालची एखादी कड पकडा आणि दोन्ही वेळा तीच धरा. अंतर बरोबर येईल. उंची मात्र त्या कडेपासून वरचीच मिळेल, खालचा भाग अंदाजाने मिळवायचा.

पन्नास पावलांनी फरक का दिसत नाही, हेही यातच आलं. वरच्या टॉवरसमोर 280 मीटरवरून 37 मीटर पुढे गेलात, तर एक मूठ जेमतेम सव्वा मूठसुद्धा होत नाही. तेवढा फरक हाताच्या थरथरीत जातो. टॉवर 3 किलोमीटरवर असेल, तर दीड किलोमीटर चालावं लागेल. नाही चालायचं, तर नका चालू.

लेझर मीटरचं म्हणाल, तर बाजारातला स्वस्त लेझर मीटर चाळीस-पन्नास मीटरच्या पुढे हात टेकतो, भर उन्हात तर त्याचा ठिपकाही सापडत नाही. डोंगरावरच्या टॉवरला ही रीत लागू नाही, कारण चढावर टाकलेली पावलं म्हणजे आडवं अंतर नव्हे. ते मी मूळ पोस्टच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं. पंधरा वर्षं शाळेच्या पोरांकडून हे मैदानावर करून घेतोय. त्यांच्यापैकी एकालाही वाचायच्या आधी भांडावंसं वाटलेलं नाही.