खुर्ची जप्त झाल्याशिवाय जाग नाही

तापीकाठची आमची केळीची जमीन कालव्यात गेली. कोर्टाने मोबदला वाढवून दिला, पण पैसा काही येईना. शेवटी निकालाची वसुली व्हावी म्हणून दरखास्त टाकली. कोर्टाचा बेलिफ सरकारी साहेबांची खुर्ची अन् जीप जप्त करायला गेला, तेव्हा सरकार जागं झालं आणि धावलं कुठे, तर खंडपीठात अपिलाला! दोन वर्षांचा उशीर माफ करा म्हणे, फाइल फिरत होती. इकडे जुन्या भूसंपादन कायद्याने पहिल्या वर्षानंतर थकबाकीवर १५ टक्के व्याज चढतंय, ते जनतेच्या पैशातून. कोर्टाने उशिराबद्दल खर्च बसवला, तोही तिजोरीतूनच भरला. साहेबांच्या पगारातून कापा ना! अवमान याचिका वर्षाच्या आत करायची, तर तोवर साहेबांची बदली. नवे साहेब म्हणतात, "मी तर आत्ताच आलो, भाऊ."