पित्ताचे इंग्रजी

चिरंजीवांची शाळा सातवीच्या मुलांना पाच दिवसांसाठी सिंगापूरला नेणार होती आणि त्यासाठी पालकांकडून मुलाच्या अ‍ॅलर्जीची व औषधांची माहिती एका कार्डावर, इंग्रजीत मागवण्यात आली होती. मी निर्धास्त होतो, कारण कार्ड आमच्याकडे तयारच होते. गेली दोन वर्षे ते मुलाच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात होते आणि त्यावर माझ्याच सुवाच्य अक्षरात चार वाक्ये लिहिलेली होती: ‘शेंगदाणे चालत नाहीत. गोडेतेलही टाळावे. खाल्ल्यास अंगावर पित्त उठते, एकदा ओठ सुजून दमही लागला होता. पित्त उठल्यास गोळी द्यावी.’ बावीस वर्षे बँकेत इंग्रजी पत्रव्यवहार केलेल्या माणसाला याला किती वेळ लागावा? रात्रीच्या जेवणाआधी काम संपवण्याच्या बेताने मी बसलो.

पहिल्याच वाक्यात ‘चालत नाहीत’ आडवे आले. आमच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही, वडिलांना रात्री दही चालत नाही, धाकटीला दुधावरची साय चालत नाही, आणि शेंगदाणे तर उपासाला चालतात पण मुलाला चालत नाहीत. व्रत, आवडनिवड आणि जिवावरचा धोका ही तिन्ही ओझी आपण एकाच क्रियापदावर लादतो. मी इंग्रजीत ‘हा मुलगा शेंगदाणे खात नाही’ असे लिहिले आणि वाचून पाहिले. परक्या देशातला आचारी हे वाचून काय करील, तर नूडल्सवर भुरभुरलेले दाणे चमच्याने बाजूला सारून तीच ताटली पुढे करील. अखेर ‘शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे’ असे सरळ लिहिले. शेंगदाण्यासाठी आपल्या सरकारी कागदांतला ‘ग्राउंडनट’ सोडून ‘पीनट’ घेतला, कारण पाकिटावर तोच छापलेला असतो.

गोडेतेलाने तर मला जवळजवळ तोंडघशी पाडले. मी त्याचे ‘स्वीट ऑइल’ करून मोकळा झालो होतो आणि वर समाधानही पावलो होतो. मग सहज शब्दकोश उघडला, तर इंग्रजीत स्वीट ऑइल म्हणजे ऑलिव्हचे तेल निघाले. म्हणजे ज्या तेलाने मुलाला काहीही होत नाही ते मी वर्ज्य ठरवले होते आणि ज्याने होते त्याचा उल्लेखच नव्हता.

पण खरी लढाई झाली ती पित्ताशी. शब्दकोशात पित्त म्हणजे ‘बाइल’, अर्थात यकृतातून पाझरणारा पाचक रस. ‘शेंगदाणे खाल्ल्यास या मुलाच्या अंगावर बाइल उगवते’ असे वाक्य वाचून सिंगापूरचा डॉक्टर मुलाला तपासण्याआधी बापाला तपासायला मागेल. आपल्याकडे मात्र जागरणाने पित्त होते, उपाशीपोटी चहाने पित्त खवळते, सकाळी पित्त पडते आणि अंगावर पित्त उठतेही. यांतल्या पहिल्या तिघांचा पोटाशी संबंध आहे आणि चौथ्याचा कातडीशी. बँकेतल्या एका कोल्हापूरकर सहकाऱ्याने ‘अहो, सरळ गांधी उठतात असे लिहा’ असे सुचवले. शब्द अस्सल होता, परंतु परदेशी कागदपत्रांत मुलाच्या अंगावर गांधी उठवण्याचे धैर्य मला झाले नाही. आईचे म्हणणे वेगळेच होते. तिच्या मते शब्द कोणताही लिही, पण खाली ‘आमसुलाचे पाणी लावावे’ हे लिहिल्याशिवाय कार्ड पुरे होणार नाही. शिवाय केळ्याने त्याला कफ होतो आणि वांग्याने खाज सुटते, हेही घालावे असा तिचा आग्रह होता.

शेवटी कार्ड घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पित्ताला ‘हाइव्ज’ हा शब्द चुटकीसरशी दिला आणि केळी-वांगी निर्दयपणे खोडली. दहा पदार्थांची यादी दिसली की वाचणारा एकही पदार्थ लक्षात ठेवत नाही, असे ते म्हणाले. तेलाबाबत त्यांनी बारकावा सांगितला की पूर्ण रिफाइंड केलेल्या शेंगदाणा तेलातले प्रथिन बहुतेक निघून जाते, पण आपण कौतुकाने आणतो त्या घाण्याच्या तेलात ते राहते. परक्या स्वयंपाकघरात कोणते तेल आहे हे विचारत बसण्यापेक्षा दोन्ही टाळावीत. सिंगापुरात साटे म्हणजे काडीला लावून भाजलेल्या मांसाबरोबर येणारी आमटीसारखी चटणी शेंगदाण्याचीच असते आणि रोजक नावाच्या तिथल्या कोशिंबिरीवरही कूट पेरतात, म्हणून ही दोन नावे कार्डावर आली.

मग ते ‘दम लागला होता’ यावर थांबले.

“म्हणजे नेमके काय झाले होते?” त्यांनी विचारले.

“दम लागला,” मी म्हणालो. याहून अधिक मराठीत काय सांगायचे?

“जिना चढल्यावर लागतो तसा? की खोकला थांबत नव्हता? छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता? आवाज बसला होता?”

दोन वर्षांपूर्वीची ती लग्नाची पंगत मी पुन्हा डोळ्यांसमोर आणली. दाण्याची चटणी पोटात गेल्यावर दहा मिनिटांत ओठ सुजले होते, अंगभर चट्टे आले होते, खोकल्याची उबळ थांबत नव्हती आणि छाती वाजत होती. आम्ही गोळी दिली, तासाभराने सारे निवळले, आणि ‘पित्त उठले होते’ एवढीच नोंद घराच्या इतिहासात राहिली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. चट्टे आणि श्वास एकाच वेळी बिघडले तर ते पित्त नव्हे, त्याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात, असे त्यांनी सांगितले. अ‍ॅलर्जीच्या गोळीने खाज थांबते, पण बंद होत चाललेला श्वास तिने उघडत नाही. त्याला अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शनच लागते, आणि तेही आधी. म्हणजे माझ्या सुवाच्य कार्डातले चौथे वाक्य कोणत्याही भाषेत चूकच होते.

पुढचे पंधरा दिवस अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञांकडे हेलपाटे, तपासण्या आणि आपोआप टोचणारी इंजेक्शनची दोन पेने मागवण्याची खटपट यांत गेले. चिरंजीवांचे वजन 34 किलो, म्हणून पेन 0.3 मिलिग्रॅमचे. रिकाम्या सराव-पेनाने मी स्वतःच्या मांडीवर इतका सराव केला की धाकटी मला पाहिले की ‘बाबा टोचून घेताहेत’ अशी आरोळी ठोकू लागली.

अंतिम कार्डावर पित्ताला एकच ओळ मिळाली: नुसते चट्टे आले तर गोळी द्या आणि मुलाला एकटे सोडू नका. खोकला, घरघर, आवाज बसणे, जीभ सुजणे किंवा गळून जाणे यांपैकी काहीही दिसले, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, हवे तर पँटवरूनच पेन टोचा, 995 वर रुग्णवाहिका बोलवा, मुलाला आडवे करा, श्वासाला त्रास होत असेल तर बसू द्या, उभे करून चालवू नका. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरे पेन. अ‍ॅड्रेनॅलिनशेजारी एपिनेफ्रिन हे त्याचे दुसरे नावही लिहिले. नाव पासपोर्टवर आहे तसेच घातले आणि जन्मतारखेतला महिना अक्षरांत लिहिला, कारण 04/07 म्हणजे एप्रिल की जुलै यावर जगाचे एकमत नाही. पेने विमानात हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या पत्रासह.

सहल सुखरूप झाली आणि दोन्ही पेने न वापरता परत आली. आईने गुपचूप ठेवलेली आमसुलेही परत आली, मात्र त्यांतली चार मित्रांनी चघळली होती.

आता वर्गशिक्षिका बाईंनी दप्तरात ठेवण्यासाठी त्याच कार्डाची मराठी प्रत मागितली आहे. कालपासून बसलो आहे. ‘चालत नाही’ खोडले, ‘दम’ फोडून चार लक्षणे केली, तेलाचे नाव नीट लिहिले. हाइव्जपाशी मात्र अडलो आहे, आणि आई स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा विचारते आहे, “अरे, त्यात पित्त कुठे आहे?”