साहेबाला मनापासून थँक्यू म्हणायचं तर

वाळूजला कंपनीत क्वालिटीमधे लागून वर्ष झालं. ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्या सरांना थँक्यू म्हणायचंय. मित्र म्हणायलेत, ग्रुपवर फोटो टाक, खाली "गुरुतुल्य मार्गदर्शक" लिही. पण त्या ओळीतलं नाव खोडून दुसऱ्या कुठल्याही साहेबाचं टाकलं तरी ती तशीच चालते की! म्हणजे त्यात आपले सर कुठंच नाहीत. माझ्या मते मेसेज आपला आहे का उसना, हे ओळखायला एवढंच बघावं.

म्हणून मी विशेषणं सगळी काढली आणि एकच प्रसंग धरला. सर काय वागले आणि त्यानं माझ्या कामात काय बदललं, बस. शेवटी हे लिहिलं:

"सर, जुलैत पार्टमधलं भोक सरकल्याची कस्टमरची कंप्लेंट आली तेव्हा सगळे ऑपरेटरच्या नावावर टाकून मोकळं व्हायच्या मागे होते. तुम्ही कस्टमरला कारण कळवायचा एट-डी रिपोर्ट थांबवला आणि मला रात्रपाळीला लाईनवर उभं केलं. तिथं ऑपरेटर मामा म्हणाले, पार्ट बसवला की हलायलाय, आणि बघितलं तर पार्ट जागेवर धरणाऱ्या फिक्स्चरची लोकेटिंग पिन झिजलेली. नंतर कस्टमरसमोर तुम्ही मलाच बोलू दिलं, मधे एकदाही बोलला नाहीत. आता कंप्लेंट आली की मी आधी लाईनवर जातो, कॉम्प्युटर नंतर उघडतो. तुमचं बोलणं कधीकधी लागलं, पण चारचौघात कधी बोलला नाहीत, हे लक्षात आहे. थँक्यू सर."

ते लागल्याचं वाक्य काढ म्हणून बायको म्हणत होती, मी ठेवलं, कारण वर्षभर सगळं गोडच होतं असं लिहिलं तर खरं तेही खोटं वाटायला लागतं. "तुमच्यामुळेच मी आज इथे आहे" हे मात्र मुद्दाम लिहिलं नाही, कारण पिन झिजलीय याचा पहिला सुगावा मामांनी दिला होता आणि सगळं सरांच्या पदरात टाकलं असतं तर सरांनाच ते पटलं नसतं.

टायमिंगचं पण आहे बघा. इन्क्रिमेंटच्या आधी हेच शब्द पाठवले असते तर कितीही खरे असले तरी मागणीसारखे वाचले गेले असते. लेटर हातात पडलं, आकडा कळला, मग पाठवलं, आणि सरांच्या एकट्याच्या नंबरवर. ग्रुपवर टाकलं की बाकीच्यांना पण अंगठे द्यावे लागतात आणि सरांना सगळ्यांदेखत काहीतरी उत्तर द्यावं लागतं, उगं त्या माणसाची अडचण. आणि मेसेजच्या शेवटी "असाच आशीर्वाद राहू द्या", "ट्रान्सफरचं तेवढं बघा" असलं काही जोडायचं नाही, सुट्टीचा विषय सुद्धा त्या दिवशी काढायचा नाही.

गिफ्टबिफ्ट मी दिलं नाही. त्यापेक्षा प्लांट हेडनं विचारलं, वर्ष कसं गेलं, तेव्हा तो पिनचा किस्सा सरांचं नाव घेऊन सांगितला, कारण ज्युनिअरला शिकवण्यात गेलेले तास कुठल्याच रिपोर्टमधे चढत नाहीत आणि वरच्यांना ते आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.