उद्यमबागेतला एकच मशीन रेट आणि चुकीच्या जॉबमागे जाणारी शॉप

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा भागातल्या लहान मशीन शॉपची कॉस्टिंगची कामं मी करतो. त्या अनुभवावरून स्पष्ट लिहितो: ज्या शॉपमध्ये मोठे लॉट आणि बारके लॉट एकाच छपराखाली चालतात, तिथे एकाच मशीन अवर रेटवर कोटेशन देणं बंद व्हायला हवं. तो रेट मालकाला चांगल्या कामापासून दूर नेतो आणि तोट्याच्या कामाला चिकटवतो. शिवाय वर्षअखेरीच्या नफातोट्यात याचा मागमूसही लागत नाही.

पद्धत सगळ्यांना माहीत आहे. महिन्याचा वरखर्च गोळा करायचा, म्हणजे हेस्कॉमचं विजेचं बिल, घसारा, मेंटेनन्स, सेटर आणि इन्स्पेक्टरचे पगार, डिस्पॅचचा खर्च. त्याला मशीनच्या एकूण तासांनी भागायचं. आलेला रेट प्रत्येक जॉबला सायकल टाइमप्रमाणे लावायचा.

एक हिशेब मांडतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत. महिन्याचा वरखर्च ६ लाख, मशीन तास २,०००, म्हणजे तासाला ३०० रुपये. शॉपमध्ये दोन प्रकारचं काम आहे. पंपाचं हाउसिंग महिन्याला ४,००० नग, एका नगाला ०.४ तास. आणि हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडी, वेगवेगळ्या मापांच्या मिळून ८०० नग, एका नगाला अर्धा तास. एकाच रेटने हाउसिंगवर नगाला १२० रुपये वरखर्च बसतो आणि व्हॉल्व्ह बॉडीवर १५०. कागदावर दोन्ही जॉब जवळपास सारखेच.

आता शॉप फ्लोअरवर जाऊन बघा. हाउसिंग ५०० च्या लॉटमध्ये चालतं, महिन्यात ८ वेळा सेटिंग. व्हॉल्व्ह बॉडी सरासरी २५ च्या लॉटमध्ये येते, म्हणजे ३२ वेळा सेटिंग. दर वेळी फिक्स्चर उतरवा, दुसरं चढवा, टूल ऑफसेट घ्या, पहिला पीस काढा, तो इन्स्पेक्शनला पाठवा, ओके येईपर्यंत थांबा. मग चलन, मग डिस्पॅच. सेटरचा जीव २५ नगांच्या लॉटमध्ये जातो, पण त्याचा पगार मात्र मशीन तासांवरून बहुतेक हाउसिंगच्या माथी पडतो.

अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग ही दुसरी पद्धत इथे एवढंच विचारते की हा खर्च कशामुळे झाला? ज्यामुळे झाला तो त्याचा कॉस्ट ड्रायव्हर, आणि खर्च त्याच मापाने वाटायचा. आपल्या ६ लाखांपैकी वीज, घसारा, मेंटेनन्स, कूलंट हे ३ लाख खरोखरच मशीन चालण्याने होतात, तिथे तासाला १५० रुपये बरोबर आहेत. सेटिंगचे १,६०,००० आहेत. ४० सेटिंगला भागले की एका सेटिंगला ४,०००. इन्स्पेक्शनचे ८०,०००, त्याचे तास १६०, म्हणून तासाला ५००. त्यातले ४० तास हाउसिंगचे, १२० व्हॉल्व्ह बॉडीचे. ऑर्डर आणि डिस्पॅचचे ६०,०००, महिन्यात ६० डिस्पॅच, म्हणजे प्रत्येकाला १,०००. त्यातले १२ हाउसिंगचे, ४८ व्हॉल्व्ह बॉडीचे.

बेरीज केली की हाउसिंगवर ३,०४,००० येतात, नगाला ७६ रुपये. व्हॉल्व्ह बॉडीवर २,९६,०००, नगाला ३७० रुपये. आधी हेच १२० आणि १५० होते. नुसतं सेटिंग घेतलं तरी हाउसिंगला नगामागे ८ रुपये पडतात आणि व्हॉल्व्ह बॉडीला १६०.

आता भाव बघा. हाउसिंगचा थेट खर्च ५० रुपये धरा. जुन्या हिशेबाने पडतळ १७०, म्हणून मालक १८५ सांगतो. कोल्हापूरजवळच्या शिरोलीचा एखादा शॉपवाला १६० सांगतो आणि आपला मालक म्हणतो, 'तो तोट्यात करतोय, करू दे.' पण खरी पडतळ १२६ आहे. १६० ला घेतलं तरी नगामागे ३४ रुपये उरले असते. व्हॉल्व्ह बॉडीचा थेट खर्च ९०. जुन्या हिशेबाने पडतळ २४०, भाव २७५, पार्टी एका फोनवर ओके करते. खरी पडतळ ४६० आहे. प्रत्येक नगाला १८५ रुपये खिशातून जातात.

सगळ्यात घातक भाग पुढेच आहे. जुन्या हिशेबाने हाउसिंगचा नफा ६०,००० आणि व्हॉल्व्ह बॉडीचा २८,०००, एकूण ८८,०००. नव्या हिशेबाने हाउसिंगचा नफा २,३६,००० आणि व्हॉल्व्ह बॉडीचा तोटा १,४८,०००. एकूण तेच ८८,०००. म्हणून नफातोटा पत्रक बघून हे कुणालाच कळत नाही, सीएलाही नाही. कळतं ते बाजारातून: सोप्या मोठ्या जॉबवर आपण सतत हरतो, अवघड बारके जॉब घासाघीस न होता मिळतात, आणि विक्री वाढूनही हातात पैसा उरत नाही. या तीन खुणा एकत्र दिसल्या की मी आधी सेटिंगचं रजिस्टर मागतो. शेवटी हाउसिंगची पार्टी गेलीच, तर सेटर, मशीन, कर्जाचा हप्ता सगळं तिथेच राहतं, तास कमी होतात, रेट आणखी चढतो आणि पुढचा मोठा जॉबही जातो.

हे अमेरिकेतही असंच घडलं होतं. १९८० च्या दशकात जॉन डिअर कंपनीच्या सुटे भाग बनवणाऱ्या विभागाला कंपनीच्याच कामांसाठी कोटेशन द्यावं लागलं, तेव्हा त्यांच्या पदरात बहुतेक कमी नगांचेच जॉब पडले. रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग पुढे मांडलं, त्यात या विभागाचा अभ्यास होता.

पण आंधळेपणाने करू नका. सेटिंगची नुसती संख्या मोजणं तेव्हाच चालतं जेव्हा सगळ्या सेटिंगला साधारण सारखाच वेळ लागतो. एकाला दीड तास आणि दुसऱ्याला पाच तास लागत असतील, तर सेटिंगचे तास मोजा. दुसरं, सेटर महिन्याला ५० सेटिंग करू शकत असेल आणि ४० च झाली असतील, तर रेट ३,२०० धरा आणि उरलेले ३२,००० रिकाम्या क्षमतेचा खर्च म्हणून वेगळे दाखवा. नाहीतर काम कमी झालं की रेट वाढतो आणि दोष जॉबला लागतो. शेडचं भाडं आणि वॉचमनचा पगार मी या ६ लाखांत धरलेलाच नाही, कारण त्यांना खरा ड्रायव्हर सापडत नाही. उगाच कुठल्या तरी मापाने ते जॉबवर चिकटवू नका. आणि वीस ड्रायव्हर काढू नका. लहान शॉपला तीन-चार पुरतात. जास्त काढले की नोंदी ठेवणारा सुपरवायझर दोन महिन्यांत कंटाळतो आणि मग आकडे अंदाजाने भरले जातात. सगळे जॉब साधारण सारख्याच लॉटमध्ये चालत असतील तर एकच रेट ठेवा, त्यात फार फरक पडणार नाही.

'मग व्हॉल्व्ह बॉडी बंद करू काय?' हा प्रश्न प्रत्येक मालक विचारतो. लगेच नको. बंद केली म्हणून सेटरचा पगार दुसऱ्या दिवशी वाचत नाही, २,९६,००० तर नाहीच नाही. त्याऐवजी कोटेशनमध्ये सेटिंगचे ४,००० प्रत्येक लॉटला वेगळे लिहा आणि नगाचा भाव त्याप्रमाणे कमी ठेवा. ते दिसले की पार्टी स्वतःच दोन लॉट एकत्र करायला तयार होते. २५ चा लॉट ५० चा झाला की नगामागे सेटिंग १६० वरून ८० वर येतं. मोकळा झालेला सेटर हाउसिंगच्या जास्तीच्या ऑर्डरवर लावता आला तरच तो पैसा खरा हातात येतो. म्हणून लॉट वाढवण्याचं बोलणं आणि हाउसिंगचा भाव १६० पर्यंत आणण्याचं बोलणं एकाच महिन्यात करा.