राजमान्य राजश्री घरमालक यांसी

घरमालकाला पत्र लिहायची वेळ आली की अजिबात डोके चालवू नये. पत्रे लिहून देणाऱ्या एआय यंत्राला एका ओळीत अडचण सांगावी, त्याने दिलेला मसुदा उचलावा आणि न वाचता पाठवून द्यावा. मी नुकतेच हे करून पाहिले आहे, त्यामुळे हा सल्ला अनुभवसिद्ध आहे. ज्यांच्या न्हाणीघराचे छत गळत आहे आणि ज्यांना ते आणखी काही दिवस गळलेले चालणार आहे, त्यांनी पुढील मार्गदर्शन अवश्य पाळावे.

पहिली गोष्ट, आरंभी घरमालकाच्या प्रकृतीची चौकशी करावी. माझ्या पत्राची सुरुवात अशी होती: "आदरणीय महोदय, हा ईमेल आपणांस उत्तम आरोग्यात व आनंदात सापडेल अशी मी आशा करतो." घरमालकांना मी गेली तीन वर्षे काका म्हणतो. आदल्याच दिवशी ते मला जिन्यात भेटले होते आणि गुडघ्याची तक्रार सांगत होते, म्हणजे त्यांचे आरोग्य कसे आहे हे मला पुरते ठाऊक होते. तरीही आशा व्यक्त केलेली बरी. ओळखीच्या माणसाने एकाएकी महोदय म्हटले की समोरचा सावध होतो, आणि सावध झालेला घरमालक पाकिटाकडे नव्हे तर भाडेकराराच्या फायलीकडे हात नेतो, एवढाच काय तो तोटा.

दुसरी गोष्ट, बारकावे गाळावेत. मी यंत्राला जे सांगितले होते ते असे: छत ९ तारखेपासून ठिबकते, सकाळी सात ते नऊ ठिबकते, दुपारी कोरडे असते, आणि डाग गीझरच्या स्विचपासून वीतभर अंतरावर आहे. या माहितीचे मसुद्यात "स्नानगृहाशी संबंधित पाणीगळतीची समस्या, ज्यामुळे दैनंदिन जीवनात गैरसोय निर्माण होत आहे" असे झाले. किती भारदस्त! फक्त प्लंबरला लागणारी एकुलती एक गोष्ट त्यातून निसटली. गळती चोवीस तास चालू असेल तर संशय भरलेल्या नळावर, म्हणजे ज्यात कायम पाणी दाबाने उभे असते त्या पाइपावर जातो. वरच्यांच्या आंघोळीच्या वेळीच ठिबकत असेल तर सांडपाण्याच्या जोडावर किंवा वरच्या न्हाणीच्या फरशीवर. पहिल्या बाबतीत पाणी बंद करून पाइप तपासावा लागतो, दुसऱ्या बाबतीत वरच्या घराचे दार वाजवावे लागते. गैरसोय निर्माण होत आहे, एवढ्यावरून कोणाचे दार वाजवायचे ते काकांना कळायला हवे होते, पण त्यांना ते कळले नाही.

तिसरी गोष्ट, मुदत कधीही देऊ नये. माझ्या मसुद्यात वाक्य होते: "तरी आपण आपल्या सोयीनुसार लवकरात लवकर ही बाब विचारात घ्यावी, ही नम्र विनंती." या वाक्याचे मी मनापासून कौतुक करू इच्छितो. सोयीनुसार आणि लवकरात लवकर हे दोन शब्दप्रयोग एकाच वाक्यात घातले की वाचणाऱ्याला त्यांतला हवा तो निवडता येतो, आणि कोणता निवडला जातो हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. काकांनी सोय निवडली. त्यांचे उत्तर होते, "ठीक आहे, सोयीने बघतो." मी त्यांना दोष कसा देऊ? मीच लिहून दिले होते! अकरा दिवस त्यांना सोय झाली नाही आणि अकरा दिवस मी गीझर बंद ठेवून गॅसवर पाणी तापवले, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात पोछा घेऊन. तगादा लावायचा तर कशाच्या आधारावर लावायचा, हेही मला कळेना, कारण मुदत ठरलेलीच नव्हती. जी मुदत आपण सांगितलीच नाही, ती टळली असे म्हणता येत नाही. बरे, मी फोनवर असे कधी बोललो असतो का? "काका, शनिवारपर्यंत प्लंबर पाठवाल का?" एवढेच म्हटले असते. हे उद्धट आहे का? यात शब्द कमी आहेत म्हणून ते उद्धट वाटते, असे आपल्याला कोणी शिकवले, आणि एका साध्या प्रश्नावर पाच नम्र विशेषणांचे पांघरूण घालायची ही खोड आपल्याला लागली कधी?

चौथी गोष्ट, विनम्रतेच्या शेजारी एक धमकी ठेवावी. मसुद्याच्या तिसऱ्या परिच्छेदात "भाडेकराराच्या संबंधित तरतुदींनुसार अशा दुरुस्तीची जबाबदारी आपणांवर येते" असे लिहिलेले होते. यंत्राने आमचा करार पाहिलेला नाही, कारण मी तो दाखवलाच नव्हता. किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी आणि मोठी मालकाने, एवढे एकच वाक्य त्यात आहे, आणि छताची गळती यांतल्या कोणत्या खात्यात जाते यावर दोन माणसे चांगला तासभर भांडू शकतात. काकांचा संध्याकाळी फोन आला. "काय रे, वकील गाठलास का?" आवाज थट्टेचा होता, पण त्या दिवसापासून ते मला जिन्यात फक्त मान हलवून पुढे जाऊ लागले.

पाचवी गोष्ट, शेवटी आभार आगाऊ मानावेत.

सहावी गोष्ट, मसुदा जड वाटला तर यंत्रालाच "साध्या भाषेत लिही" असे सांगावे. मग "नमस्कार काका! एक छोटीशी आठवण करून द्यायची होती" असे लाडिक पत्र मिळते आणि त्यात उद्गारचिन्हे दिवाळीच्या माळेसारखी लटकतात. अकरा दिवसांच्या ओलीला छोटीशी आठवण म्हणणारा माणूस मी नव्हे, पण यंत्राला हे कसे माहीत असावे? त्याने मला ओळखावे म्हणून मी काय दिले होते? काहीही नाही. काकांना मी आधी पाठवलेले दोन-चार निरोप त्याच्यापुढे ठेवले असते आणि "यात नसलेली एकही गोष्ट घालू नकोस" असे बजावले असते, तर निदान कराराचे कलम तरी टळले असते.

इथपर्यंत सल्ला मनोभावे पाळला आणि फसलो, तेव्हा बाराव्या दिवशी तोच मसुदा कागदावर छापून घेतला आणि हातात पेन घेऊन बसलो. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला: हे मी काकांना जिन्यात उभे राहून म्हणालो असतो का? पहिला परिच्छेद गेला. शेवटचा गेला. कराराचे वाक्य गेले. "अवगत करून देण्यासाठी लिहीत आहे" गेले, कारण लिहिल्यावर अवगत होणारच. उरले काय, तर पाणी, प्लंबर आणि "मी उपलब्ध राहीन" हा एक शब्दसमूह, जो यंत्राने खरोखर चांगला सुचवला होता आणि मला आपणहून सुचला नसता, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण तोही "मी घरी असतो" असा करून घेतला.

मग क्रियापदांकडे पाहिले, कारण मराठीत सारी नम्रता तिथेच राहते. "पाठवा" म्हटले की हुकूम होतो, त्याला कृपया लावले तरी सूर पुरता जात नाही. "पाठवण्यात यावा" म्हटले की कचेरीचा वास येतो, शिवाय पाठवायचे कोणी हेच त्यातून गायब होते. "पाठवावा" अर्जाला शोभते. मी काकांशी बोलताना "पाठवाल का" म्हणतो, म्हणून तेच ठेवले. मसुद्यात सगळीकडे आपण होते. मी त्यांना तुम्ही म्हणतो, म्हणून तुम्ही केले. तयार झालेले पत्र हे:

"विषय: न्हाणीघराचे छत गळते आहे, प्लंबर हवा आहे

काका, नमस्कार.

न्हाणीघराच्या छतातून ९ तारखेपासून पाणी ठिबकते आहे. वरच्यांच्या आंघोळी चालतात तेव्हा, म्हणजे सकाळी सात ते नऊ, ते येते आणि दुपारी थांबते, त्यामुळे त्यांच्या सांडपाण्याच्या जोडातून येत असावे असे मला वाटते. ओल गीझरच्या स्विचपासून वीतभर अंतरावर आली आहे, म्हणून मी गीझर बंद ठेवला आहे. फोटो जोडले आहेत.

कृपया शनिवारपर्यंत प्लंबर पाठवाल का? वरच्यांशी तुम्ही बोललात तर बरे होईल, मी बोललो तर ते भांडण समजतील. मी सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर घरी असतो. शनिवार जमणार नसेल तर कोणता दिवस जमेल ते कळवा. मागच्या पत्रात कराराचे जे लिहिले होते ते माझ्या मनातले नव्हते, राग मानू नये."

यात कृपया एकदाच आहे. उरलेली नम्रता काकांना दुसरा दिवस सुचवायची मोकळीक देण्यात, आपल्या वेळा आधीच सांगण्यात आणि वरच्यांशी बोलायचा मान त्यांच्याकडे ठेवण्यात आहे. त्यांतले एकही वाक्य कमरेत वाकलेले नाही, आणि एकाही वाक्याने डोळे वटारलेले नाहीत. अर्ध्या तासात उत्तर आले, "उद्या दहाला माणूस येतो." तो साडेबाराला आला, ते असो. वरच्या न्हाणीच्या जाळीखालचा जोड सुटलेला निघाला.

आता उपरोध पुरे, सरळच बोलतो. ओळखीच्या माणसाला दोन ओळी लिहायचा आपल्याला कंटाळा येतो आणि त्या कंटाळ्याला आपण सौजन्य म्हणतो, हा शुद्ध लबाडपणा आहे. मसुदा यंत्राकडून घ्या, माझी हरकत नाही; पण त्यात न घडलेले संभाषण आहे का, न वाचलेले कलम आहे का, तुमची तारीख आणि तुमची वेळ गळून पडली आहे का, हे तपासायला पाच मिनिटे लागतात आणि तीही तुम्ही देत नाही. मोठ्याने वाचायला सांगितले तर लाज वाटते म्हणता. मग जे वाचताना स्वतःलाच लाज वाटते ते दुसऱ्याला पाठवता कशाला? समोरचा मूर्ख नाही. त्याला तुमचा आवाज माहीत आहे, आणि तो आवाज नसलेले पत्र हाती आले की तो विचारतो, हा माझ्यापासून काय लपवतो आहे? आणि काहीच जमणार नसेल तर निदान सही तरी स्वतःची करा. माझ्या त्या पहिल्या पत्राच्या तळाशी, आदरपूर्वक आपला विश्वासू या शब्दांखाली, चौकटी कंसात "येथे आपले नाव लिहा" असेच गेले होते.