पॉपकॉर्न संपूर्ण धान्यच, पण प्रत्येक मका फुटत नाही

फिरता मेसेज: “पॉपकॉर्न म्हणजे नुसता फुगलेला स्टार्च. दाणा फुटताना साल आणि अंकुर उडून जातात, मग संपूर्ण धान्य कसलं? आणि पॉपकॉर्नचा मका वगैरे काही वेगळा नसतो, कुठलाही मका कडक वाळवला की फुटतो. जे दाणे तळाशी राहतात ते भेसळीचे.”

साल आणि अंकुर कुठेही जात नाहीत. फुटलेली एक लाही उजेडात उलटी करून बघा. बुडाशी पिवळट, चकचकीत पापुद्रे दिसतील. दातात अडकतात तेच ते, म्हणजे दाण्याची साल. त्याच भागात पांढऱ्या फेसाला चिकटलेला एक घट्ट, किंचित गडद कण असतो, तो अंकुर. आधी गाभ्यात असलेला स्टार्च आता फुलून बाहेर आलाय, एवढाच फरक.

हे वजनावरही पडताळता येतं. ५० ग्रॅम दाणे तेल न घालता फोडा आणि लाह्या, पापुद्रे, राहिलेले दाणे असं सगळं पुन्हा तोला. चांगल्या दाण्यात सुमारे १४ टक्के पाणी असतं, म्हणजे फक्त वाफ गेली असेल तर घट ७ ग्रॅमच्या आतच राहायला हवी, आणि ती तशीच राहते. अंकुर हा दाण्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा, साल त्याच्या निम्मी. दोन्ही उडाले असते तर आणखी ७-८ ग्रॅम कमी भरले असते.

संपूर्ण धान्य म्हणजे कोंडा, अंकुर आणि गाभा हे तिन्ही मूळ प्रमाणात असलेलं धान्य. मैद्यात किंवा पॉलिश केलेल्या तांदळात पहिले दोन काढून टाकलेले असतात. ज्वारीच्या लाह्याही याच हिशोबाने संपूर्ण धान्य ठरतात. कॅरॅमल किंवा लोणी ओतलं तरी धान्य संपूर्णच राहतं. साखर आणि चरबी वाढते ती वेगळी, आणि थिएटरातल्या टबाबद्दल तक्रार करायचीच तर त्यावरून करावी.

आता मक्याच्या जातीचं. दाण्याचं तापमान १८० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की आतल्या पाण्याची वाफ बाहेरच्या हवेच्या सुमारे नऊ पट दाबाने सालीला ढकलत असते. गाभा तोवर मऊ झालेला असतो. साल फाटली की दाब एकदम उतरतो, वाफ प्रसरण पावते, तो मऊ स्टार्च फेसासारखा फुलतो आणि लगेच थंड होऊन तसाच राहतो. यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात: वाफ शेवटपर्यंत धरून ठेवणारी साल, आणि जवळजवळ सगळा कडक, काचेसारखा गाभा.

पशुखाद्याला जाणारा बराचसा मका डेंट प्रकारचा. त्याच्या गाभ्याचा मधला भाग पिठूळ असतो. वाळताना तो आक्रसतो, म्हणून दाण्याच्या डोक्यावर खळगा पडतो. असा दाणा तापवला तर साल दाब पेलत नाही, वाफ गळते, आणि दाणा तडकतो किंवा नुसता भाजला जातो. स्वीटकॉर्नमध्ये साखर जास्त आणि स्टार्च कमी, त्यामुळे वाळला की तो सुरकुततो. फ्लिंट मका कडक गाभ्याचा असल्याने थोडाफार फुटतो, पण फुलत नाही. पॉपकॉर्न हा या फ्लिंटचाच टोकाचा प्रकार: दाणा लहान, पिठूळ भाग नावापुरता. कणीस कितीही वाळवा, ही घडण बदलत नाही.

उलट जास्त वाळवलं तर खरा पॉपकॉर्नही बिघडतो. तळाशी दाणे राहण्याचं एक मोठं कारण तेच. पाणी १०-११ टक्क्यांवर आलं की दाब पुरत नाही. फार ओला असेल तर लाह्या लहान आणि चिवट होतात. उघड्या पाकिटातला मका कोरडा पडला असेल तर ५०० ग्रॅम दाण्यांना १५ मिली, म्हणजे एक मोठा चमचा, पाणी लावा. समजा पाणी ११ टक्के होतं, तर ५०० ग्रॅममध्ये ५५ ग्रॅम झालं. त्यात १५ मिळवले की ५१५ ग्रॅममध्ये ७० ग्रॅम, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या थोडं वर. घट्ट झाकणाच्या बरणीत घालून पहिल्या दिवशी अधूनमधून हलवा आणि तीन-चार दिवस थांबा. रात्रभर पाण्यात भिजवू नका, साल फुगून चिरते.

दुसरं कारण सालीतच असतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २००५ मध्ये १४ वाण तपासले, तेव्हा न फुटलेल्या दाण्यांचं प्रमाण वाणानुसार ४ ते ४७ टक्के निघालं. ज्या वाणांच्या सालीतलं सेल्युलोज तापल्यावर अधिक घट्ट, स्फटिकासारखं रचलं जात होतं, त्यांनी पाणी जास्त धरलं. म्हणजे भेसळ नसतानाही निम्मे दाणे तळाशी राहू शकतात. मळणीत साल तडकली असेल तर तेवढा दाणा गेलाच. तो चिमटीत धरून उजेडात फिरवला तर केसासारखी रेघ दिसते, आणि त्याला कितीही पाणी लावलं तरी वाफ तिथूनच निसटते.